हळदीचा छोटा उद्योग: एकल मालकी, भागीदारी की प्रायव्हेट कंपनी, आणि वडिलांच्या जमिनीचे काय?

प्रश्न: मी आणि माझा मावसभाऊ मिळून वसमतला हळद दळून, पॅकिंग करून विकणार आहोत. दोघांचे तीन-तीन लाख आहेत, बँकेकडून सहा लाख घ्यायचे आहेत. कुणी म्हणतं नुसता शॉप ॲक्ट काढा, कुणी म्हणतं भागीदारी करा, सीए म्हणतात प्रायव्हेट लिमिटेड करा. धंदा बुडाला तर वडिलांच्या नावावरची जमीन जाईल का, हे मला आधी कळायला हवं.

उत्तर:

वडिलांनी कुठेही सही केलेली नसेल आणि जमीन त्यांची स्वतःची असेल, तर तुम्ही तिन्हींपैकी कोणताही प्रकार निवडला तरी तुमच्या धंद्याच्या कर्जासाठी ती जमीन जात नाही. सज्ञान मुलाच्या व्यापारी देण्याला बाप जबाबदार नसतो. मात्र वडील बँकेत जामीनदार म्हणून उभे राहिले किंवा त्यांनी सातबारा तारण दिला, तर तुम्ही प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढलेली असली तरी ती जमीन धोक्यात येते. परभणी-हिंगोली भागात वीस-बावीस वर्षे वसुलीचे दावे आणि निकालानंतरच्या जप्तीच्या दरखास्ती चालवताना मी हे वारंवार पाहिले आहे की, माणसे धंद्याच्या प्रकाराबद्दल महिनोन्महिने चर्चा करतात आणि जामीनपत्रावर पाच मिनिटांत सही करून येतात.

जमिनीच्या बाबतीत एक अपवाद सांगितला पाहिजे. जमीन सातबाऱ्यावर वडिलांच्या नावे असली, तरी ती एकत्र कुटुंबाची वडिलोपार्जित असेल, तर तिच्यात तुमचा जन्मतः हिस्सा असतो. तुमच्यावर न्यायालयाचा वैयक्तिक हुकूमनामा झाला, तर त्या अविभक्त हिश्श्यावर जप्ती येऊ शकते. लिलावात तो हिस्सा घेणाऱ्याला थेट ताबा मिळत नाही, त्याला वाटपाचा दावा करावा लागतो. पण अनोळखी माणसाने घरात वाटपाचा दावा आणणे हीच पुष्कळ मोठी आपत्ती असते. आजोबांकडून आलेली प्रत्येक जमीन अशा प्रकारची असतेच असे नाही. जुने फेरफार आणि वाटपपत्र एखाद्या दिवाणी वकिलाला दाखवून हे आधीच ठरवून घ्यावे, कारण खाली मी ज्याला ‘वैयक्तिक जबाबदारी’ म्हणतो ती तुमच्या नावावरच्या प्लॉटपर्यंत, बँकेतल्या ठेवीपर्यंत आणि या हिश्श्यापर्यंत पोचते.

आता ‘नुसता शॉप ॲक्ट काढा’ या सल्ल्याकडे येतो. शॉप ॲक्ट, ज्याला आपल्याकडे अजूनही गुमास्ता म्हणतात, आणि उद्यम नोंदणी या केवळ नोंदी आहेत. २०१७ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानुसार दहापेक्षा कमी कामगार असतील तर फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. त्या पावतीवर ‘अमुक मसाले उद्योग’ असे झोकदार नाव छापून येते आणि त्या नावाने करंट खातेही उघडते, त्यामुळे आपण काहीतरी वेगळी संस्था उभी केली असा समज होतो. कायद्याच्या दृष्टीने तिथे तुमच्याशिवाय दुसरे कुणीही नसते. एकल मालकीत पॅन तुमचा, नफा तुमचा, देणेही तुमचेच असते, आणि ते फेडण्यासाठी धंद्यातली मालमत्ता व घरची मालमत्ता असा फरक केला जात नाही. शेती हाच ज्याचा उदरनिर्वाह आहे, त्याचे राहते घर आणि शेतीची अवजारे दिवाणी जप्तीतून वगळलेली आहेत. परंतु हळदीचा कारखाना चालवणाऱ्याला ‘मी शेतकरीच आहे’ हे न्यायालयात पटवून देणे सोपे नसते, आणि घर तारण दिलेले असेल तर हा बचाव उपयोगी पडत नाही.

तरीही मी एकल मालकीला वाईट म्हणणार नाही. तिच्यात तुम्ही फक्त तुमच्या स्वतःच्या कृतीला जबाबदार असता. भागीदारीत नेमकी हीच गोष्ट हातातून जाते.

१९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे प्रत्येक भागीदार हा फर्मचा प्रतिनिधी असतो. धंद्याच्या नेहमीच्या व्यवहारात त्याने जे केले ते फर्मवर आणि पर्यायाने सगळ्या भागीदारांवर बंधनकारक होते. त्या कायद्याचे कलम २५ सांगते की, फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार इतरांसह एकत्रितपणे आणि शिवाय स्वतंत्रपणेही जबाबदार असतो. या ‘स्वतंत्रपणे’ शब्दाचा अर्थ असा की, पाच लाखांचे देणे असेल तर धनको तुमच्याकडून अडीच लाख मागून थांबत नाही. तो पूर्ण पाच लाख तुमच्याकडूनच मागू शकतो, आणि मग मावसभावाकडून अडीच लाख वसूल करत बसणे हे तुमचे काम होते. व्यवहारात धनकोचा वकील पहिल्यांदा हेच शोधतो की दोघांपैकी कुणाच्या नावावर प्लॉट आहे आणि कुणाला पगार आहे. ज्याच्याकडे काहीतरी आहे त्याच्यावरच दरखास्त येते.

यावर लोक म्हणतात की भागीदारी पत्रात आम्ही लिहू, ‘पन्नास हजारांपेक्षा जास्त खरेदी दोघांच्या सहीशिवाय करायची नाही’. हे कलम जरूर लिहावे, पण ते तुम्हा दोघांमध्ये चालते. मोंढ्यातल्या ज्या आडत्याला ही अट माहीतच नाही, त्याच्यावर ती बंधनकारक नसते. मावसभावाने एका दुपारी तुम्हाला न विचारता दोन लाखांची हळकुंडे उधारीवर उचलली, तर ती खरेदी फर्मची ठरते. भागीदारी पत्र नोटरी केले, पाचशेच्या स्टॅम्पवर केले, अशा कशानेही यात फरक पडत नाही.

माझ्या हातून गेलेले एक प्रकरण सांगतो, कारण त्यात माझाही थोडा दोष होता. दोन मित्रांची शेतमाल खरेदी-विक्रीची भागीदारी होती. तीन वर्षांनी त्यांच्यातला एक कंटाळून बाहेर पडला. निवृत्तिपत्र मीच तयार केले, हिशेब चुकता झाला, दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या आणि चहा घेऊन गेले. राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या एका मराठी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या, आणि फर्म नोंदलेली असल्याने निबंधकांनाही कळवा, असे मी तोंडी सांगितले होते. लेखी दिले नाही आणि पाठपुरावाही केला नाही, ही माझी चूक. नोटिशीचा खर्च वाचवण्यासाठी त्यांनी ते केले नाही. पुढच्या सव्वा वर्षात मागे राहिलेल्या भागीदाराने एका जुन्या व्यापाऱ्याकडून उधारीवर माल घेतला, ४ लाख ६० हजार थकवले आणि दुसऱ्या जिल्ह्यात निघून गेला. त्या व्यापाऱ्याला पूर्वीपासून दोघेही भागीदार म्हणून माहीत होते आणि एक जण निवृत्त झाल्याचे कुणी कळवले नव्हते. कायदा असे सांगतो की, जाहीर नोटीस देईपर्यंत निवृत्त भागीदार अशा व्यवहारांना जबाबदार राहतो. निकाल अर्थातच विरुद्ध गेला. बेलिफ गावात गेला त्या दिवशी अंगणात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरचा नंबर जप्तीच्या यादीत पहिला लिहिला गेला. धंदा सोडून दीड-दोन वर्षे झालेला तो माणूस निवृत्तिपत्राची प्रत हातात धरून उभा होता, आणि ती प्रत त्याच्या मित्राविरुद्ध उपयोगाची असली तरी व्यापाऱ्याविरुद्ध कोऱ्या कागदासारखी होती.

जीएसटीतही असाच एक बारीक सापळा आहे. फर्मचा कर थकला तर भागीदार वैयक्तिकरीत्या जबाबदार असतात, आणि बाहेर पडणाऱ्याने एका महिन्याच्या आत विभागाला लेखी कळवले नाही तर कळवल्याच्या तारखेपर्यंतच्या कराचा बोजा त्याच्यावरही राहतो.

भागीदारीची नोंदणी न करण्याचा परिणाम मात्र उलट्या बाजूने होतो आणि तो फार कमी लोकांच्या लक्षात येतो. नोंदणी न केलेल्या फर्मवर कुणीही दावा करू शकतो, पण अशा फर्मला आपली करारावरची येणी वसूल करण्यासाठी दावा लावता येत नाही. समजा नांदेडच्या एका वितरकाने तुमचे दोन लाख अडकवले आणि तुम्ही माझ्याकडे आलात, तर मी पहिला प्रश्न विचारेन तो नोंदणीचा. दावा लावल्यानंतर नोंदणी करून हा दोष सहसा भरून निघत नाही. म्हणजे देण्याच्या वेळी तुम्ही पूर्ण भागीदार आणि घेण्याच्या वेळी हात बांधलेले, अशी स्थिती होते.

आता कंपनी. २०१३ च्या कंपनी कायद्याखाली प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला किमान दोन भागधारक आणि दोन संचालक लागतात, आणि तुम्ही दोघेच दोन्ही असू शकता. पूर्वी किमान एक लाखाचे भागभांडवल लागत असे, ती अट २०१५ मध्ये काढली गेली. कंपनी ही कायद्याने स्वतंत्र व्यक्ती आहे. ती स्वतःच्या नावाने खरेदी करते, कर्ज घेते आणि दावाही तिच्यावरच होतो. तुम्ही घेतलेल्या शेअरची रक्कम पूर्ण भरली असेल, तर भागधारक म्हणून तुमचे कमाल नुकसान तेवढेच असते. सीएंचा सल्ला या तत्त्वावर उभा आहे आणि तत्त्व बरोबर आहे. ते तुमच्या धंद्यात किती उपयोगी पडेल, हे मात्र आकड्यांवरून पाहावे लागते.

असे धरू की दोन वर्षांनी धंदा बंद करावा लागला. बँकेचे ४ लाख बाकी आहेत, हळकुंडांच्या व्यापाऱ्यांचे ५ लाख आणि पाऊच छापून देणाऱ्याचा १ लाख, असे एकूण १० लाखांचे देणे आहे. दळण्याचे यंत्र, पॅकिंग मशीन आणि उरलेला माल विकून ३ लाख आले. हा माल आणि यंत्रे बँकेकडे तारण असल्याने ते ३ लाख आधी बँकेला जातात. बँकेचा १ लाख आणि इतरांचे ६ लाख, असे ७ लाख उघडे राहतात.

धंदा एकट्या तुमच्या नावावर असता, तर हे सातही लाख तुमच्या घरातून द्यावे लागले असते. शिवाय मावसभावाने दिलेले तीन लाख उसने म्हणून आले असतील तर तेही देणेच, म्हणजे १० लाख. भागीदारी असती, तर सात लाखांसाठी दोघांपैकी कुणालाही धरता आले असते. आपसात साडेतीन-साडेतीन, पण ते आपसात. कंपनी असती, तर बँकेचा उरलेला १ लाख तुम्ही संचालक म्हणून दिलेल्या वैयक्तिक हमीपोटी द्यावा लागला असता, कारण छोट्या नव्या कंपनीला संचालकांच्या हमीशिवाय बँक सहसा कर्ज देत नाही आणि हमीदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. उरलेल्या ६ लाखांसाठी व्यापारी कंपनीवर दावा करू शकले असते, पण कंपनीत काही शिल्लक नसल्याने तुमच्या घरापर्यंत त्यांना येता आले नसते.

म्हणजे कंपनीने वाचवले ते ६ लाख, आणि ते सगळे उधारीचे होते, ही गोष्ट नीट पाहा. बँकेपासून कंपनीने तुम्हाला वाचवलेले नाही. तुम्ही जर हळकुंडे रोखीने घेणार असाल, जसे वसमतच्या बाजारात सुरुवातीला बहुतेक नव्या माणसाला घ्यावे लागते, तर ते पाच लाख मुळात निर्माणच होत नाहीत, आणि कंपनीचे संरक्षण ज्या गोष्टीवर चालते तीच गोष्ट तिथे नसते. या संरक्षणाची किंमतही आहे. स्थापनेचा खर्च एकदाच, पण लेखापरीक्षण, वार्षिक विवरणे, संचालकांची केवायसी हे सगळे मिळून आमच्या भागात छोट्या कंपनीला वर्षाकाठी तीस-चाळीस हजार सहज लागतात, धंदा झाला काय आणि न झाला काय. ताळेबंद आणि वार्षिक विवरण वेळेवर भरले नाही तर प्रत्येक फॉर्ममागे दररोज १०० रुपये विलंब शुल्क चढते, त्याला वरची मर्यादा नाही. आणि सलग तीन वर्षे न भरल्यास संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो. बंद पडलेली कंपनी आपोआप मरत नाही, ती रीतसर बंद करावी लागते आणि तिची फी वेगळी असते. दोन वर्षे नीट चालवून बंद केलेल्या कंपनीवर लाखभर रुपये खर्च झालेले मी पाहिले आहेत.

शिवाय ते ६ लाख वाचतात तेसुद्धा तुम्ही कंपनीला कंपनीसारखे वागवले तरच. इथे आपल्याकडच्या सवयी आड येतात आणि म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिली सवय पट्टीची. आडत दुकानात मुनीम ओळखीच्या माणसाच्या नावावर पट्टी फाडतो. त्याला तुमच्या कंपनीचे लांबलचक नाव आठवत नाही, आणि तुम्हीही ‘चालतंय’ म्हणून ती खिशात घालता. उद्या वाद झाला तर त्या पट्टीवर खरेदीदार म्हणून तुमचे नाव आहे, कंपनीचे नाही. मग कंपनीचे कवच कितीही कायदेशीर असले तरी तुम्ही त्याच्या बाहेर उभे राहून खरेदी केलेली असते. काउंटरवर स्वतःच्या बचत खात्याचा क्यूआर कोड चिकटवणे हाही त्याच जातीचा प्रकार आहे. समोरच्या वकिलाला तो आयता पुरावा मिळतो.

दुसरी सवय चेकची, आणि ही सर्वांत महागात पडते. उधारी देताना व्यापारी ‘विश्वास म्हणून’ एक कोरा सही केलेला चेक ठेवून घेतो. तो चेक तुमच्या वैयक्तिक खात्याचा असेल, तर तुम्ही स्वतः होऊन देणे अंगावर घेतले असे व्यापारी म्हणणार. तो कंपनीच्या खात्याचा असेल आणि वटला नाही, तरी सही करणारा संचालक निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ आणि १४१ खाली वैयक्तिक आरोपी होतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मी पाहिलेल्या अशा प्रकरणांत संचालकाने अखेर घरचे पैसे आणून तडजोड केली आहे. तेव्हा कंपनी काढून सगळ्या व्यापाऱ्यांना चेक देऊन ठेवणाऱ्याने वर्षाचे चाळीस हजार कशासाठी भरले, असा प्रश्न मला नेहमी पडतो.

तिसरी गोष्ट सहीची. कंपनीच्या कागदावर नुसती सही करू नये. कंपनीचे पूर्ण नाव, तिच्यापुढे ‘करिता’ आणि सहीखाली ‘संचालक’ असे लिहावे. तसेच कंपनी स्थापन होण्याआधी तुम्ही शेडचा भाडेकरार केलात किंवा यंत्राची ऑर्डर दिलीत, तर त्या वेळी कंपनी अस्तित्वात नसल्याने तो करार तुमचा वैयक्तिक असतो. स्थापनेनंतर कंपनीच्या नावाने तो नव्याने करून घ्यावा. स्थापनेनंतरही शेअरचे पैसे कंपनीच्या खात्यात प्रत्यक्ष जमा करून १८० दिवसांत INC-20A हा फॉर्म भरल्याखेरीज कंपनीला धंदा सुरू करता येत नाही, हे अनेकांना पहिल्या दंडाच्या नोटिशीवरून कळते.

करांच्या बाबतीत संचालकाला अर्धेच संरक्षण आहे. प्रायव्हेट कंपनीचा आयकर किंवा जीएसटी कंपनीकडून वसूल झाला नाही, तर त्या काळातल्या संचालकाकडून तो मागता येतो. आपल्या गंभीर निष्काळजीपणामुळे किंवा कर्तव्यभंगामुळे कर बुडालेला नाही हे त्या संचालकाला सिद्ध करावे लागते. अन्न सुरक्षेचेही तसेच आहे. हळदीत बाहेरचा रंग सापडला तर कंपनीसोबत त्या कामाचा प्रमुख असलेला माणूसही आरोपी होतो. कामगाराचा हात यंत्रात सापडला आणि यंत्राचे झाकण काढून ठेवायला तुम्हीच सांगितले होते, तर तुमच्या स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी कंपनीच्या नावाआड लपत नाही. या शेवटच्या धोक्यासाठी कंपनीपेक्षा कामगार भरपाईचा विमा अधिक कामाचा आहे, आणि तो एकल मालकालाही मिळतो.

या सगळ्यावरून तुमच्यासाठी माझे मत असे आहे. तुम्ही लिहिलेले नाही, पण निर्णय ज्यावर अवलंबून आहे तो प्रश्न हा की मावसभाऊ प्रत्यक्ष धंद्यात बसणार आहे की फक्त पैसे देणार आहे. फक्त पैसे देणार असेल, तर त्याला भागीदार करू नका. त्याच्याच हितासाठी करू नका. धंदा तुमच्या एकट्याच्या नावावर काढा, त्याचे तीन लाख लेखी कर्ज म्हणून घ्या, व्याज आणि परतफेडीची मुदत लिहा. कर्ज देणाऱ्याला व्याजाऐवजी नफ्याचा काही हिस्सा देण्याचे ठरले, तर केवळ तेवढ्याने तो भागीदार होत नाही, असे भागीदारी कायद्यातच म्हटले आहे. मात्र तो दुकानात बसून ऑर्डरी घेऊ लागला, बिलांवर दोघांची नावे छापली, तर कागदावर काहीही असो, लोकांच्या दृष्टीने तो भागीदार झाला आणि जबाबदारीही तशीच येऊ शकते. पहिले वर्ष-दीड वर्ष खरेदी रोखीने किंवा फार थोड्या उधारीवर ठेवा. या स्थितीत एकल मालकी तुम्हाला पुरेशी आहे.

दोघेही रोज काम करणार असाल आणि हंगामात चार-पाच लाखांची हळकुंडे उधारीवर भरून ठेवण्याचा बेत असेल, तर साधी भागीदारी टाळा. तेव्हा सीएंचा सल्ला बरोबर ठरतो, परंतु त्यांना एवढे विचारा की एलएलपी का नको. २००८ च्या कायद्याखालची ही मर्यादित दायित्वाची भागीदारी आहे. तीही स्वतंत्र व्यक्ती असते, एका भागीदाराने केलेल्या खरेदीसाठी दुसऱ्याच्या घरावर जप्ती येत नाही, आणि उलाढाल ४० लाख व भांडवल २५ लाखांच्या आत असेपर्यंत तिच्या कायद्याखाली लेखापरीक्षण सक्तीचे नाही. बाहेरचा गुंतवणूकदार आणायचा नसेल, तर तुमच्या आकाराच्या धंद्याला मला ती कंपनीपेक्षा सोयीची वाटते. वैयक्तिक हमी, चेक आणि पट्टीबद्दल वर लिहिलेले सगळे मात्र तिलाही लागू आहे. एकल मालकीतून पुढे कंपनीत किंवा एलएलपीत जाता येते. तोपर्यंतची जुनी देणी तुमच्या अंगावरच राहतात, एवढे ध्यानात ठेवून बदलाच्या दिवशी जुन्या व्यापाऱ्यांचा हिशेब चुकता करावा.

आणखी एक, कारण हा प्रकार मराठवाड्यात फार चालतो. सबसिडी जास्त मिळते म्हणून धंदा पत्नीच्या किंवा आईच्या नावावर काढू नका, जर तो चालवणार तुम्हीच असाल. कर्ज, कर, चेक आणि परवाना या सगळ्यांत मग मालक म्हणून नाव तिचे असते, आणि समन्स घेऊन येणारा माणूस घरी तिलाच शोधतो.

राहता राहिला तुमचा बँकेचा विषय. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या तुमच्याएवढ्या कर्जाला धंद्यातला माल-यंत्रे सोडून वेगळे तारण घेऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा बँकांना निर्देश आहे, आणि सरकारच्या पतहमी योजनेत घेतलेल्या कर्जाला तिऱ्हाईत जामीनदारही लागत नाही. ही हमी बँकेसाठी असते. तुम्ही बुडवलेत तर कर्ज माफ होत नाही, तुमच्यावर वसुली चालूच राहते, पण वडिलांचा त्यात संबंध येत नाही. तरीही शाखेत ‘फक्त फॉर्मॅलिटी म्हणून वडिलांना घेऊन या’ असे सांगितले जाते. बँकेला न्यायालयात न जाता तारण जप्त करू देणाऱ्या सरफेसी कायद्याची थेट कारवाई शेतजमिनीवर होत नाही, हे ऐकून काही जण निर्धास्तपणे सातबारा देतात. बँक दिवाणी न्यायालयात जाऊन तीच जमीन लिलावात काढू शकते, फक्त वेळ जास्त लागतो, आणि तोवर इतर हक्कांत बोजा राहिल्याने पीककर्जालाही अडचण येते. म्हणून मंजुरीपत्र आधी मागून घ्या, त्यातला ‘जामीनदार’ आणि ‘तारण’ हा मजकूर घरी बसून वाचा, आणि तिथे वडिलांचे नाव किंवा गट क्रमांक दिसला तर योजनेखाली कर्ज का देत नाही हे शाखेला लेखी विचारा. त्याचे उत्तर येईपर्यंत वडिलांना बँकेत नेऊ नका.